सोनेतारणाचा कागद: सही करण्याआधी मांडलेला हिशेब

सोनेतारण कर्जाच्या कागदावर व्याजदर ठळक छापलेला असतो आणि दागिन्यांचा तक्ता बारीक अक्षरात. साहजिकच आपण दरावरून घासाघीस करतो आणि तक्त्याखाली मुकाट्याने सही ठोकतो. आमच्या कागदात गडबड होती ती मात्र त्या बारीक तक्त्यात, तीही वजन आणि कॅरेट या दोन रकान्यांच्या मधल्या फटीत. म्हणून हा हिशेब जरा सविस्तर मांडते.

घराचा स्लॅब गळत होता आणि दुरुस्तीला साडेतीन लाख हवे होते. तारण ठेवायला तीन दागिने काढले: सासूबाईंच्या पाटल्या, माझं मंगळसूत्र आणि सासूबाईंचाच जुना कोल्हापुरी साज. मी नोकरीत दिवसभर बिलंच तपासते. त्यामुळे कागद पुढे आला की बेरीज करून बघायची खोडच आहे.

एक आधीच सांगते. त्या दिवशीचा खरा दर इथे न देता मी २२ कॅरेटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरला आहे, आणि कर्ज सोडून बाकीच्या रुपयांचे आकडे त्याच प्रमाणात बदलले आहेत. वाचणाऱ्याला तोंडी पडताळा घेता यावा एवढाच हेतू.

तोलायच्या आधी काट्यावर शून्य दिसतंय का ते पाहिलं, आणि तिन्ही दागिने वेगवेगळे तोलायला सांगितले. एकत्र तोलले तर नंतर कुठल्या दागिन्यातून किती वजा झालं हे शोधताच येत नाही. तिन्ही वजनं मी माझ्याकडच्या कागदावर लिहून घेतली. पाटल्या २४.०० ग्रॅम, मंगळसूत्र १८.४०, साज २१.५०. तोलणं आणि शुद्धता तपासणं कर्जदाराच्या समोरच झालं पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेच्या सोने-चांदी तारणाच्या २०२५ च्या निर्देशांत स्पष्ट म्हटलं आहे. हे निर्देश ६ जून २०२५ ला निघाले आणि बँका, सहकारी बँका व वित्त कंपन्यांना त्यांची अंमलबजावणी उशिरात उशिरा १ एप्रिल २०२६ पासून करायची होती. पतसंस्था आणि परवानाधारक सावकार मात्र रिझर्व्ह बँकेच्या या नियमांखाली येत नाहीत. तिथे कर्ज काढत असाल तर पुढे मी सांगते ते नियम तुमच्या मदतीला येणार नाहीत, गणित मात्र तेच राहील.

पाटल्या भरीव, अलीकडे मोडून केलेल्या, त्यांच्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक. त्यात वाद घालायला जागाच नव्हती: २४.०० ग्रॅम, २२ कॅरेट. मंगळसूत्रात काळे मणी आणि दोरा. सराफाची जुनी पावती मी सोबत नेली होती आणि तिच्यावर एकूण वजन व सोन्याचं वजन वेगळं लिहिलेलं होतं. मूल्यांककांनी ४.४० ग्रॅम वजा केले, पावतीशी जुळले, निव्वळ १४.०० राहिले. पावती नसती तर मण्यांचं वजन अंदाजानेच धरावं लागलं असतं, आणि असा अंदाज नेहमी कर्ज देणाऱ्याच्या बाजूने झुकतो.

खरी कसरत साजाची. आमच्या साजाचे जावमणी आतून लाखेने भरलेले, ओवलेले रेशमी दोऱ्यात, मधल्या पदकात एक खडा. पावती केव्हाच हरवलेली. हॉलमार्क सक्तीचा होण्याच्या कितीतरी आधीचा दागिना, त्यामुळे शिक्काही नाही. मूल्यांकक म्हणजे गावातलेच एक वयस्क सराफ. त्यांनी एक पानडी कसोटीच्या दगडावर घासली, आम्ल लावलं, मग मशीनखाली धरली. पहिल्यांदा टाक्याजवळ, म्हणजे डाग देऊन जोडलेल्या जागी धरली तर आकडा ७९ च्या आसपास आला. ते म्हणाले, "हा टाक्याचा आकडा, हा धरायचा नाही." मग पानडीच्या मधोमध आणि एका मण्यावर घेतला, दोन्ही वेळा ८३ च्या थोडा वर. २४ कॅरेट म्हणजे शंभर टक्के धरलं तर २० कॅरेट म्हणजे ८३.३३ टक्के. तेव्हा २० कॅरेट हे बरोबरच होतं आणि त्यांनी टाक्याचा आकडा आमच्या माथी मारला नाही, हेही नोंदवायला हवं. मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं, आतलं काही सांगत नाही. म्हणून कसोटीवर घासून बघणं अजूनही सुटलेलं नाही.

थोड्या वेळाने छापील तक्ता हातात आला. साजाच्या ओळीत असं होतं: एकूण वजन २१.५०, वजावट ६.५०, निव्वळ वजन १५.००, शुद्धता २० कॅरेट, दर ९,०९०.९१, मूल्य १,३६,३६४.

दर बरोबर होता. १०,००० ला २० ने गुणून २२ ने भागलं की ९,०९०.९१ येतात. पंधरा ग्रॅम गुणिले तो दर, उत्तरही बरोबर. ओळ आडवी तपासली तर चूक कुठेच नाही. मला खटकली ती वजावट. लाख, दोरा आणि खडा मिळून साडेसहा ग्रॅम, म्हणजे साजाच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. सराफ दागिना हातात खेळवत बोलत होते तेव्हा तोंडाने "पाचेक ग्रॅम" म्हणाल्याचं मी ऐकलं होतं.

"काका, हे साडेसहा ग्रॅम कशाकशाचे?"

"लाख, दोरा, खडा... अन् घट."

"त्यात घट किती?"

"दीड."

"पण घट कशाची? मोडायचा नाहीये ना आपल्याला."

"ताई, माल वीसचा आहे. बावीसवर आणायचा तर दीड ग्रॅम जाणारच."

त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी खरं. लाख, दोरा, खडा वगळून सोनं १६.५० ग्रॅम. ते २० कॅरेटचं. त्याला २० ने गुणून २२ ने भागलं की बरोबर १५.०० ग्रॅम येतात. म्हणजे हा साज २२ कॅरेटच्या १५ ग्रॅम सोन्याइतका. पेढीवर मोड घेताना सराफ आयुष्यभर हाच हिशेब करतात. पण मग त्या १५ ग्रॅमला २२ कॅरेटचाच दर लागायला हवा, १०,००० रुपये. इथे वजनातून हीण एकदा वजा झालं आणि दरातून पुन्हा एकदा. साजाची किंमत १,५०,००० यायला हवी होती, आली १,३६,३६४. फरक १३,६३६ रुपयांचा.

काउंटरवरच्या मॅडमना हे दाखवलं तर त्या आधी म्हणाल्या, "ताई, दर आम्ही टाकत नाही, सिस्टीम घेते." तेही खरं होतं. त्यांच्या संगणकात कॅरेटच्या रकान्यात २० टाकलं की दर आपोआप २० चा लागतो. सराफकाकांनी जुन्या सवयीने वजन २२ वर आणून लिहिलं आणि संगणकाने दर २० वर आणला. दोघांपैकी एकानेच ते काम करायला हवं होतं. इथे कुणाची लबाडी होती असं मला वाटलं नाही. पण जुने, शिक्का नसलेले दागिने जिथे येतात तिथे ही चूक रोज होत असणार, आणि ती नेहमी एकाच बाजूला पडते.

ओळखायची खूण सोपी आहे. एकूण वजनातून फक्त दिसणाऱ्या गोष्टी वजा करायच्या: मणी, दोरा, खडे, लाख. उरेल ते निव्वळ वजन. कॅरेटचा हिशेब त्यानंतर, आणि एकदाच:

```
मूल्य = निव्वळ वजन × (कॅरेट ÷ २२) × २२ कॅरेटचा दर
```

वजावटीच्या रकान्यात "घट", "तूट" किंवा "हीण" असा शब्द दिसला आणि शेजारी कॅरेटही २२ पेक्षा कमी असेल, तर थांबून विचारायचं. मिश्रधातूसाठी वजन कमी करून घ्यायला नियमाची आडकाठी नाही. त्या शुद्धतेचा दर प्रसिद्ध होत नसेल तर जवळच्या शुद्धतेचा दर घ्यावा आणि वजन त्या प्रमाणात कमी-जास्त करावं, असं निर्देशच सांगतात. २० कॅरेटचा वेगळा दर सराफा संघटना जाहीर करत नाही. हजारात ९९९, ९९५, ९१६, ७५०, ५८५ भाग सोनं अशा शुद्धतांचे दर येतात. तेव्हा सराफकाकांची पद्धत खरं तर नियमाला धरूनच होती. तिच्यावर पुन्हा संगणकाचा दर चढला ही अडचण.

मी दुरुस्ती मागितली ती मात्र दुसऱ्या बाजूने: वजावट ५.००, निव्वळ १६.५०, २० कॅरेट. पैसे दोन्हीकडून तेच येतात. पण साज सोडवून आणताना प्रमाणपत्रावर प्रत्यक्षातलं वजन आणि प्रत्यक्षातलं कॅरेट असलेलं बरं. १५ ग्रॅम लिहिलेला साज परत घेताना काट्यावर काय जुळवणार? पाच ग्रॅम लाखेचा अंदाज मात्र मी मान्य केला. जावमणी न फोडता लाख नेमकी किती हे कुणालाच सांगता येत नाही, आणि आणखी अर्धा ग्रॅम ओढायला माझ्याकडे पावती नव्हती.

आता दराविषयी थोडं. सासूबाईंना तिथला दर ऐकून धक्का बसला, कारण बाजारपेठेतल्या पाटीवर जास्त होता. पण तारणाचा दर म्हणजे दुकानाच्या पाटीवरचा दर नव्हे. मागच्या ३० दिवसांच्या बंद दरांची सरासरी आणि कालचा बंद दर, या दोन्हींत जो कमी तो धरायचा. सोनं चढत असेल तेव्हा महिन्याची सरासरी मागे रेंगाळते, त्यामुळे तारणाचा दर कालच्या दराहून कमी असतो. उतरत असेल तेव्हा कालचाच लागतो. घडणावळ नाही, खड्यांची किंमत नाही. इथे भांडण्यात अर्थ नव्हता. कोणत्या तारखेचा दर घेतला एवढं विचारलं आणि तो कागदावर लिहून घेतला.

दुरुस्तीनंतर तिन्ही दागिन्यांचं मूल्य ५,३०,००० झालं: पाटल्या २,४०,०००, मंगळसूत्र १,४०,०००, साज १,५०,०००. आधीच्या तक्त्यात ते ५,१६,३६४ होतं. मॅडम म्हणाल्या, "पण तुम्हाला तर साडेतीनच हवेत ना? ते आधीच्या किमतीतही बसतात की." सासूबाईंनाही तेच वाटत होतं, की एवढ्या ताणाताणीची गरज काय. गरज होती, आणि ती समजली पुढचं पान वाचल्यावर.

कर्ज आणि तारणाचं मूल्य यांचं प्रमाण, ज्याला सगळे एलटीव्ही म्हणतात, ते घरखर्चासारख्या कर्जाला तीन टप्प्यांत बांधलेलं आहे. अडीच लाखांपर्यंत ८५ टक्के, अडीच ते पाच लाख ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. आमचं कर्ज मधल्या टप्प्यात. कागदावर छापलं होतं ६७.७८ टक्के, म्हणजे ३,५०,००० भागिले ५,१६,३६४. वर बारा टक्क्यांची मोकळीक दिसत होती. पण योजना होती वर्षाच्या शेवटी मुद्दल आणि व्याज एकरकमी फेडायची. अशा कर्जात प्रमाण काढायचं ते आज हातात मिळणाऱ्या रकमेवर नव्हे, तर मुदतीअखेर जेवढं फेडायचं त्या पूर्ण रकमेवर. १२ टक्क्यांनी ते ३,९२,००० होतात, म्हणजे जुन्या मूल्यावर ७५.९ टक्के.

त्यातही १२ टक्के हा आकडा पक्का नव्हताच. मुख्य माहितीच्या पत्रकात दर १२ टक्के आणि त्यावरूनच काढलेला एकूण वार्षिक खर्चाचा दर. मंजुरीपत्राच्या अटींत मात्र एक ओळ अशी: मूळ दर १८ टक्के, आणि व्याज दर महिन्याला वेळेत भरल्यास ६ टक्के सवलत. हप्ता चुकला म्हणून दंडाचं व्याज चढवायला रिझर्व्ह बँकेने मनाई केल्यापासून अशी सवलतीची भाषा मी आणखी दोन-तीन ठिकाणच्या कागदांत वाचली आहे. ज्याला दर महिन्याला व्याज भरायचं आहे त्याला ती चालूनही जाईल. पण एकरकमी परतफेडीच्या योजनेत दर महिन्याला काहीच भरायचं नसतं! म्हणजे सवलत मिळायची सोयच नाही, आणि शेवटी दर लागणार तो १८ टक्केच.

१८ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ६३,०००. मुदतीअखेर फेड ४,१३,०००. आणि जुन्या तक्त्यातल्या ५,१६,३६४ चे ८० टक्के किती? ४,१३,०९१. मर्यादेच्या आत फक्त ९१ रुपये. हे प्रमाण कर्ज देताना एकदा तपासून सोडून द्यायचं नसतं, कर्ज असेपर्यंत राखायचं असतं. सोनं जरा घसरलं असतं की "थोडी रक्कम भरा किंवा आणखी दागिना आणा" असा फोन आला असता, आणि आम्हाला वाटलं असतं सोन्याचा भाव पडला म्हणून आला. दुरुस्त मूल्यावर ती मर्यादा ४,२४,००० होते, तरीही भाव अडीच टक्क्यांच्या थोडा पुढे उतरला की मर्यादा ओलांडली जातेच.

मी मॅडमना विचारलं, "पत्रकात बारा आणि अटीत अठरा, मग आमचा दर कुठला?" त्या आत जाऊन साहेबांना विचारून आल्या. उत्तर आलं, "ताई, तुम्ही महिन्याला व्याज भरा ना, मग बाराच." तेच मला हवं होतं. योजना बदलून घेतली: व्याज दर महिन्याला, मुद्दल वर्षाअखेर. असं केलं की ते एकरकमी फेडीचं कर्ज राहत नाही, कारण त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही शेवटी असावं लागतं. प्रमाण मग मुद्दलावर निघतं: ३,५०,००० भागिले ५,३०,०००, म्हणजे ६६ टक्के. सोनं सतरा टक्के उतरलं तरी मर्यादा ओलांडत नाही.

पत्रकात दर वर्षाला ३६५ दिवस धरून आहे की ३६०, हेही पाहिलं. ३६० धरले तर १२ टक्क्यांचे प्रत्यक्षात १२.१७ होतात, साडेतीन लाखांवर वर्षाला सहाशेच्या आसपास फरक. आमच्यात ३६५ होते. व्याज सुरू होण्याची तारीख मात्र मंजुरीची छापली होती आणि पैसे खात्यात आले दोन दिवसांनी. त्याचे २३० रुपये होतात. पैसे हाती पडण्याआधीचं व्याज लावू नये असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्येच सगळ्यांना बजावलं होतं, ते सांगितल्यावर नवीन पान निघालं. रक्कम किरकोळ, पण तारीख चुकीची राहिली की पुढच्या प्रत्येक महिन्याचा हिशेब जुळेनासा होतो आणि मग तो तपासायचा आपल्यालाच कंटाळा येतो.

मूल्यांकनाचं प्रमाणपत्र दोन प्रतींत झालं, एक आमच्याकडे. त्यात प्रत्येक दागिन्याचा फोटो, एकूण वजन, वजावट कशाची किती, निव्वळ वजन, कॅरेट आणि मूल्य. साजाची एक पानडी आधीपासून वाकडी होती, ती शेऱ्यात लिहून घेतली. सासूबाईंचा तोच एक आग्रह होता. कर्ज फिटलं की दागिने त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवेत, आणि उशीर त्यांच्याकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ही ओळ करारात मराठीत होती, ती मी सासूबाईंना वाचून दाखवली.

पहिल्या महिन्याचं व्याज ३१ दिवसांचं होतं. ३,५०,००० गुणिले १२ टक्के, गुणिले ३१, भागिले ३६५: ३,५६७ रुपये. पासबुकात ३,५६७ च आले. पुढचा महिना ३० दिवसांचा, ३,४५२ यायला हवेत.